गोठविलेल्या थरांतील व्याकरण : शोधक-वर्गीकारकांची पद्धती व तिच्या निष्कर्षांची मर्यादा

‘मुलीने दगड पाहिला’, ‘मुलीने भिंत पाहिली’ आणि ‘मुलीने झाड पाहिले’ या तीन वाक्यांत कर्ता एकच आहे, धातूही एकच आहे. बदलते ते केवळ कर्म, आणि त्या कर्माच्या लिंगाप्रमाणे क्रियापदाचे रूप पालटते. कर्मणी प्रयोगाचा हा नियम शालेय व्याकरणातही सांगितलेला असतो. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की दगड, भिंत आणि झाड हे तिन्ही शब्द अकारान्त आहेत. त्यांच्या बाह्यरूपात लिंगाची कोणतीच खूण नाही. ते बोलणाऱ्यास ठाऊक असावे लागते. आता पुष्कळ मराठी मजकूर पुरवून ज्याला पुढील शब्द ओळखावयास शिकविले आहे असे एखादे न्यूरल नेटवर्क ही तीनही रूपे बिनचूक देते असे मानले, तर भाषाभ्यासकापुढे साहजिकच प्रश्न उभा राहतो : या यंत्रणेच्या अंतरंगात ‘लिंग’ म्हणता येईल असे काही आहे काय? असल्यास ते कोठे आहे, आणि क्रियापदाचे रूप ठरविताना ती यंत्रणा त्याचाच उपयोग करते काय?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी जी पद्धती गेल्या काही वर्षांत रूढ झाली आहे तिचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे. पद्धती करावयास सोपी आहे. तिचा निष्कर्ष वाचणे मात्र तितके सोपे नाही, आणि लेखाचा बराचसा भाग त्याच अडचणीला दिला आहे.

१. पद्धतीचे स्वरूप

न्यूरल नेटवर्कमध्ये शिरणारा प्रत्येक शब्द प्रथम अंकांच्या एका लांब मालिकेत रूपांतरित होतो. या मालिकेस गणितात सदिश म्हणतात. सदिशाची लांबी नेटवर्कनुसार वेगवेगळी असते. ७६८ किंवा १०२४ अंक ही नेहमी आढळणारी प्रमाणे होत. हा सदिश एकावर एक रचलेल्या थरांतून जातो, आणि प्रत्येक थरात शेजारच्या शब्दांचा परिणाम होऊन त्याचे अंक बदलतात. पहिल्या व शेवटच्या टोकांमधील या थरांना अंतर्गत थर असे म्हणू. वाक्यातील प्रत्येक शब्दास प्रत्येक थरावर असा एकेक सदिश लाभतो. त्यातील कोणत्याही अंकावर ‘पुल्लिंग’ किंवा ‘कर्म’ अशी चिठ्ठी लावलेली नसते, आणि नुसते अंक न्याहाळून काहीही हाती लागत नाही.

म्हणून एक दुसरे, लहानसे यंत्र तयार करण्यात येते. नेटवर्कचे शिक्षण पूर्ण झाल्यावर त्याचे सर्व अंतर्गत भार जसेच्या तसे गोठवून ठेवतात. ज्या वाक्यांतील नामांचे लिंग अभ्यासकाने आधीच नोंदविलेले आहे अशी काही हजार वाक्ये त्यातून नेली जातात, आणि ठरलेल्या थरावर प्रत्येक नामास मिळालेला सदिश उतरवून घेतला जातो. मग सदिश हा प्रश्न आणि नोंदविलेले लिंग हे उत्तर अशा जोड्यांवरून एक साधा वर्गीकारक शिकविला जातो. शेवटी, शिकविताना न दाखविलेल्या वाक्यांतील सदिश त्यास देऊन त्याची किती उत्तरे बरोबर येतात ते मोजतात. या वर्गीकारकास इंग्रजीत ‘प्रोब’ ही संज्ञा आहे. जखमेची खोली पाहण्यासाठी शस्त्रवैद्य जी सळई वापरतो तिचेही नाव हेच. प्रस्तुत लेखात त्यास ‘शोधक’ म्हटले आहे.

नेटवर्क गोठविण्याचे कारण उघड आहे. शोधक शिकत असताना नेटवर्कचे भारही बदलू दिले, तर नेटवर्क त्या वेळी नव्याने लिंग शिकेल, आणि ते त्यास आधीपासून येत होते की नाही हे कळण्याचा मार्ग उरणार नाही. गियोम अलें व योशुआ बेंजिओ यांनी २०१६ मध्ये चित्रे ओळखणाऱ्या नेटवर्कच्या थरांवर असे रेषीय शोधक बसवून पाहिले. त्याच सुमारास यांत्रिक भाषांतर करणाऱ्या नेटवर्कमध्ये मूळ भाषेची वाक्यरचना कितपत साठविली जाते याचीही अशाच रीतीने तपासणी झाली. पुढील दोनतीन वर्षांत शब्दजाती, वचन, काळ आणि वाक्यातील पदांचे परस्परसंबंध यांविषयी अशा प्रयोगांचे पीकच आले. बहुतेक प्रयोगांत आकडे उत्तम आले, आणि ‘अमुक थरात अमुक ज्ञान आहे’ असे निष्कर्ष लिहिले जाऊ लागले.

२. ज्ञान कोणाचे?

या निष्कर्षांत एक गृहीतक दडलेले आहे. शोधकाने लिंग बरोबर ओळखले म्हणजे ते सदिशात स्पष्टपणे मांडलेले होते, असे त्यात धरले जाते. परंतु शोधक हाही शिकणारा प्राणी आहे. शिकविताना ‘भिंत’ हा शब्द त्याने वीस वेळा पाहिला आणि प्रत्येक वेळी उत्तर ‘स्त्रीलिंग’ होते, तर परीक्षेत ‘भिंत’ पुन्हा आल्यावर त्यास लिंग शोधण्याची गरजच नाही. हा सदिश ‘भिंत’ या शब्दाचा आहे एवढे ओळखले की पुरे. उरलेले काम स्मरण करते. मग नेटवर्कने सदिशात केवळ शब्दाची ओळख साठविली होती आणि लिंगाचे कोष्टक शोधकाने स्वतः तयार केले, असेही घडू शकते. अंतिम आकडा दोन्ही परिस्थितींत सारखाच दिसतो.

हा संशय काल्पनिक नाही, हे इंग्रजीच्या शब्दजातींवरून चांगले दिसते. शब्दजाती ओळखण्याचे शोधक बहुधा पेन ट्रीबँक या संग्रहावर शिकविले जातात. त्यात वर्तमानपत्री इंग्रजीतील शब्दांना ४५ प्रकारच्या खुणा दिलेल्या आहेत. संदर्भाचा काहीही विचार न करता, शिकविताना प्रत्येक शब्दाची जी जात सर्वाधिक वेळा आढळली तीच परीक्षेत दिली, तरी नव्वद टक्क्यांहून अधिक उत्तरे बरोबर येतात. याचा अर्थ असा की सत्त्याण्णव टक्के हा आकडा शंभराशी ताडून पाहणे व्यर्थ होय. त्यातील फार मोठा भाग शब्दांच्या नुसत्या ओळखीतून येऊ शकतो.

३. नियंत्रण-कार्य

या अडचणीवर २०१९ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील जॉन ह्यूइट व पर्सी लियांग यांनी एक उपाय सुचविला. औषधाची परीक्षा घेताना काही रोग्यांना औषधाऐवजी साध्या पिठाची गोळी देतात. हा उपायही काहीसा त्याच जातीचा आहे. त्यांनी इंग्रजीतील प्रत्येक शब्दास ४५ खुणांपैकी एक खूण सोडत काढल्याप्रमाणे यदृच्छेने नेमून दिली. एकदा नेमलेली खूण त्या शब्दास सर्वत्र तीच राहते, आणि खुणांचे एकंदर प्रमाण खऱ्या शब्दजातींच्या प्रमाणासारखे ठेवलेले असते. अशा खुणांत व्याकरण मुळीच नाही. त्या कोणत्याही नेटवर्कला माहीत असणे शक्य नाही, कारण त्या प्रयोगाच्या वेळीच जन्मास आल्या. म्हणून शोधक या खुणा जितक्या बरोबर सांगेल तितके ते सारे त्याचे स्वतःचे पाठांतर होय. यास ‘नियंत्रण-कार्य’ म्हणतात. खऱ्या कार्यातील अचूकतेतून नियंत्रण-कार्यातील अचूकता वजा केली की जी बाकी उरते तिला या अभ्यासकांनी ‘निवडकता’ असे नाव दिले.

त्यांनी तपासलेले नेटवर्क म्हणजे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेले ‘एल्मो’. त्याच्या तळाशी शब्दाच्या अक्षरांवरून सदिश बनविणारी एक पायरी आहे, आणि तिच्यावर वाक्य दोन्ही दिशांनी वाचणारे दोन थर आहेत. प्रत्येक थरावरील सदिश १०२४ अंकांचा असतो. या सदिशांवर दोन प्रकारचे शोधक बसविण्यात आले. पहिला रेषीय : प्रत्येक खुणेसाठी १०२४ अंकांना एकेक भार द्यावयाचा, गुणून बेरीज करावयाची, आणि जिची बेरीज सर्वांत मोठी ती खूण उत्तर म्हणून घ्यावयाची. यात भारांची संख्या सेहेचाळीस हजारांच्या आसपास होते. दुसऱ्या प्रकारात सदिश आणि उत्तर यांच्यामध्ये आणखी एक थर असतो. तो हजार घटकांचा धरला तर भारांची संख्या दहा लाखांच्या वर जाते, आणि अर्थातच पाठांतराची शक्तीही त्या मानाने वाढते.

पहिल्या थरावर दोन्ही शोधकांनी खऱ्या शब्दजाती सत्त्याण्णव टक्क्यांहून किंचित अधिक ओळखल्या. दोहोंतील अंतर टक्क्याच्या एकदोन दशांशांचे होते. केवळ या आकड्यांवरून पाहता दोन्ही शोधक सारखेच ठरले असते. परंतु नियंत्रण-कार्यात रेषीय शोधक सुमारे ७१ टक्क्यांवर थांबला, तर मोठा शोधक सुमारे ९३ टक्क्यांपर्यंत गेला. सोडतीने वाटलेल्या, सर्वथा अर्थहीन खुणा जो शोधक ९३ टक्के बरोबर सांगतो, त्याने शब्दजाती ९७ टक्के बरोबर सांगितल्या यावरून नेटवर्कविषयी फारसे काही सिद्ध होत नाही. पहिल्याची निवडकता सुमारे २६, तर दुसऱ्याची पाचाहूनही कमी भरते.

दुसरी गोष्ट थरांच्या तुलनेची. रेषीय शोधकाची अचूकता पहिल्या थरावर दुसऱ्यापेक्षा अर्ध्या टक्क्याच्या सुमारास अधिक होती, आणि त्यामुळे शब्दजातींचे ज्ञान पहिल्या थरात अधिक आहे असे म्हणावेसे वाटते. निवडकता पाहिली तर क्रम उलटतो : पहिल्या थरावर ती सुमारे २६, दुसऱ्यावर सुमारे ३१. याचा उलगडा असा करता येतो. पहिला थर अक्षरांच्या पायरीस जवळ असल्याने हा शब्द कोणता ही ओळख त्यात अधिक सुलभपणे मिळते, आणि शोधकास पाठांतराचा आधार जास्त लाभतो. त्या आधारानेच अचूकतेचा वरचा अर्धा टक्का आला असणे शक्य आहे. कोणता थर शब्दजाती ‘अधिक चांगल्या’ दर्शवितो या प्रश्नाला केवळ अचूकतेच्या बळावर उत्तर देता येत नाही, एवढे तरी यावरून निश्चित होते.

याला पूरक अशी आणखी एक तुलना आवश्यक असते. नेटवर्कची रचना तीच ठेवून त्याचे भार मात्र यदृच्छेने भरावयाचे, म्हणजे त्यास काहीही शिकवावयाचे नाही, आणि त्यावर तोच शोधक चालवावयाचा. वरील प्रयोगात दोन्ही थरांच्या जागी असा न शिकविलेला थर बसवूनही रेषीय शोधकाची अचूकता ९६ टक्क्यांच्या वर गेली. नेटवर्कच्या शिक्षणाने जे कमावले ते ९६ आणि ९७ यांमधील अंतरात शोधावयाचे असते. शोधकाचा आकडा एकटा छापलेला दिसला की तो अपुरा समजावा, असे म्हणण्याचे कारण हेच.

४. असणे आणि वापरणे

समजा, निवडकता चांगली आली, न शिकविलेल्या नेटवर्कपेक्षा आकडा पुष्कळ वर गेला, आणि लिंग खरोखरच सदिशात आहे हे मान्य झाले. तरीही पहिल्या परिच्छेदातील शेवटचा प्रश्न शिल्लकच राहतो. एखादी माहिती सदिशात असणे वेगळे आणि नेटवर्कने उत्तर देताना ती उपयोगात आणणे वेगळे. घराच्या माळ्यावर पडलेली वस्तू झडतीत सापडते. घरातील माणसे ती रोज वापरतात हे झडतीवरून कळत नाही.

मराठीतच याची सोपी कसोटी उपलब्ध आहे. ‘मुलीने भावाला पाहिले’ आणि ‘मुलीने बहिणीला पाहिले’ या वाक्यांत भावे प्रयोग आहे. कर्मास ‘ला’ हा प्रत्यय लागताच क्रियापद कर्माचे लिंग सोडून देते आणि नेहमी नपुंसकलिंगी एकवचनी राहते. येथे क्रियापदाचे रूप ठरविण्यास कर्माच्या लिंगाची गरजच नाही. अशा वाक्यांतही क्रियापदाच्या अगोदरच्या स्थानी शोधकास कर्माचे लिंग तितक्याच सहजतेने सापडले, तर कर्मणी प्रयोगातील वाक्यांत ते सापडले म्हणून ते ‘वापरले’ गेले असे म्हणता येणार नाही.

या प्रश्नासाठी शोधकाचाच उलट उपयोग करण्याची युक्ती पुढे आली. याने एलाझार व त्यांचे सहकारी यांनी २०२१ मध्ये ‘बर्ट’ या नेटवर्कवर ती वापरली. तिच्या पायऱ्या अशा : प्रथम एक रेषीय शोधक शिकवावयाचा. त्याचे भार म्हणजे सदिशांच्या अवकाशातील काही दिशा. त्या दिशांनी पाहिले की वर्ग एकमेकांपासून वेगळे दिसतात. मग प्रत्येक सदिशातून त्या दिशांचा अंश काढून टाकावयाचा, उरलेल्या सदिशांवर नवा शोधक शिकवावयाचा, त्याच्याही दिशा काढावयाच्या, आणि शोधकास निव्वळ अंदाजापेक्षा अधिक काही साधेनासे होईपर्यंत हाच क्रम चालू ठेवावयाचा. अशा रीतीने ती माहिती ‘विसरावयास लावलेले’ सदिश नेटवर्कला परत देऊन त्याचे मूळ काम, म्हणजे शब्द ओळखणे, कितपत बिघडते ते पाहावयाचे. येथेही नियंत्रण हवेच, कारण सदिशातून काहीही कापले तरी थोडे नुकसान होणारच. म्हणून तितक्याच संख्येच्या दिशा यदृच्छेने निवडून त्या काढल्या असता किती बिघाड होतो, त्याच्याशी तुलना केली जाते.

या प्रयोगात सूक्ष्म शब्दजातींची माहिती काढल्यावर नेटवर्कची शब्द ओळखण्याची शक्ती जवळजवळ कोसळली. मात्र पदसमूह कोठे सुरू होतो व कोठे संपतो याची माहिती काढल्यावर विशेष घट दिसली नाही, जरी ती माहिती शोधकास सदिशांत चांगल्यापैकी सापडत होती. शोधकाचा आकडा मोठा म्हणून ती माहिती नेटवर्कच्या कामास महत्त्वाची, हे अनुमान त्यामुळे टिकत नाही.

अर्थात ही युक्तीही निर्दोष नाही. तीत फक्त रेषीय शोधकास दिसणारी माहिती पुसली जाते. अधिक गुंतागुंतीच्या रूपात ती शिल्लक राहू शकते. शिवाय दोन गुणधर्म परस्परांशी जोडलेले असतील तर एक पुसताना दुसराही थोडा पुसला जातो, आणि बिघाड नेमका कशामुळे झाला हे सांगणे कठीण होते.

५. मराठीतील लिंगावर असा प्रयोग कसा मांडावा

आता आरंभीच्या वाक्यांकडे परत येऊन प्रयोगाची मांडणी पाहू. विषय लिंगाचा असल्यामुळे पहिली दक्षता नामांच्या विभागणीची घ्यावी लागते. शिकविण्यासाठी घेतलेली नामे परीक्षेच्या वाक्यांत एकदाही येता कामा नयेत. वाक्ये वेगळी असली पण नामे तीच असली तर पाठांतराला मोकळे रान मिळते. नामे पूर्णपणे वेगळी ठेवली की नियंत्रण-कार्यातील शोधक आपोआप निष्फळ ठरतो, कारण न पाहिलेल्या नामाला सोडतीत कोणते लिंग मिळाले हे कळण्याचा उपायच नसतो. अशा परीक्षेत मिळालेली अचूकता तीन लिंगांपैकी सर्वाधिक आढळणाऱ्या लिंगाच्या प्रमाणाशी ताडावी.

दुसरी दक्षता शब्दांच्या रूपाविषयी. ईकारान्त नामे बहुधा स्त्रीलिंगी असतात. हत्ती व मोती पुल्लिंगी आणि पाणी, लोणी व दही नपुंसकलिंगी असली तरी हे अपवाद थोडे आहेत. शोधकाने केवळ अन्त्य स्वर पाहून उत्तर दिले तरी आकडा चांगला येईल. म्हणून दगड, हात, भिंत, वाट, झाड, घर अशी रूपावरून लिंग न कळणारी अकारान्त नामे वेगळी काढून त्यांचा आकडा स्वतंत्र द्यावा, आणि त्याच नामांवर न शिकविलेल्या नेटवर्कचा आकडाही शेजारी मांडावा.

तिसरी दक्षता वाक्यातील इतर खुणांची. ‘मुलीने काल रंगवलेली भिंत पाहिली’ या वाक्यात ‘रंगवलेली’ हे विशेषण लिंग उघडच सांगून टाकते. शोधकाने ते विशेषणावरून उचलले की नामावरून, हे मग कळत नाही. लिंग दाखविणारी विशेषणे, सर्वनामे व षष्ठीची रूपे असलेली वाक्ये म्हणूनच वगळावी लागतात. तसेच पुष्कळ नेटवर्क शब्दाचे तुकडे पाडून वाचतात. ‘पाहिली’ चे ‘पाहि’ आणि ‘ली’ असे तुकडे पडत असतील, तर लिंगाचा निर्णय ‘पाहि’ नंतर होतो, आणि शोधकही तेथेच बसविला पाहिजे.

एवढी काळजी घेऊन आकडा वर आला, तर अकारान्त नामांचे लिंग नेटवर्कच्या सदिशांत आहे आणि ते त्याच्या शिक्षणातून आले आहे, असे म्हणता येईल. त्यापुढचा प्रश्न कर्ता आणि कर्म यांचा. ‘मुलीने दगड’ एवढे वाचून झाल्यावर त्या स्थानी कर्त्याचे स्त्रीलिंग आणि कर्माचे पुल्लिंग ही दोन्ही शोधकास सापडण्याचा संभव आहे. ‘पाहिला’ हे रूप कशावरून निघाले ते नुसत्या शोधकास सांगता येणार नाही. त्यासाठी एकदा कर्माच्या लिंगाच्या दिशा, एकदा कर्त्याच्या लिंगाच्या दिशा, आणि एकदा तितक्याच यदृच्छेने निवडलेल्या दिशा पुसून तिन्ही वेळा पाहिला, पाहिली व पाहिले यांपैकी नेटवर्क काय पसंत करते ते पाहावे लागेल. पहिल्या प्रसंगीच निवड ढासळली आणि भावे प्रयोगातील ‘पाहिले’ मात्र अबाधित राहिले, तर कर्मणी प्रयोगाच्या नियमासारखे काहीतरी त्या नेटवर्कमध्ये कार्य करीत आहे असे म्हणण्यास आधार मिळेल. कर्त्याचे लिंग पुसल्यावरही तितकाच बिघाड झाला, तर नेटवर्क बरोबर रूपे वेगळ्याच वाटेने देत असल्याचा संशय घ्यावा लागेल.

शोधक अपयशी ठरला तर काय समजावे, हा प्रश्नही राहतो. रेषीय शोधकास लिंग सापडले नाही, याचा अर्थ ते सरळ रेषेने वेगळे करता येईल अशा रूपात नव्हते, किंवा शिकविण्यास दिलेली नामे अपुरी होती, एवढाच होतो. नामांची संख्या वाढवीत जाऊन आकडा कसा बदलतो याचा आलेख काढल्यास यांपैकी दुसरी शक्यता तपासता येते : आलेख अजून चढत असेल तर नामे कमी पडली असे समजावे, आणि तो सपाट झाला असेल तरच पहिल्या शक्यतेकडे वळावे.